दहा बाय बाराच्या खोलीत धिंगरी: आठवड्याला दहा बेडचा हिशेब

पहिल्या वर्षी मी एकाच दिवशी धिंगरी मशरूमचे पन्नास बेड, म्हणजे भुशात मशरूमचं बियाणं पेरून बांधलेल्या पिशव्या, भरले होते. हिंगणघाटपासून बारा किलोमीटरवर आमचं गाव. घरामागे कवेलूंची जुनी खोली रिकामी पडली होती, सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, घरचंच होतं आणि प्रशिक्षणात शिकवलेलं सगळं नीट लिहून घेतलं होतं. बेड पांढरेशुभ्र झाले, कोंब फुटले, आणि मग चार दिवसांत अठरा किलो मशरूम एकदम तोडणीला आलं. त्यातलं सात किलो कसंबसं विकलं. काही शेजारीपाजारी वाटलं. उरलेलं सुकवायला घातलं, तर आभाळ आलेलं. तिसऱ्या दिवशी सुपातल्या मशरूमला वास सुटला आणि ते उकिरड्यावर गेलं. पिकवण्यात माझी चूक झाली नव्हती. किती पिकवायचं आणि कधी, हे चुकलं होतं.

धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराचं ऑयस्टर मशरूम, तोडल्यावर साध्या हवेत एक दिवस टिकतं आणि फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. त्यामुळे खोलीत किती बेड मावतात याआधी रोज किती किलो विकलं जाईल ते बघावं लागतं. आता मी दर रविवारी दहाच बेड भरते. नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी त्याच पद्धतीने लिहिते आहे.

आधी गिऱ्हाईक

दहा बेडमधून नवख्या हाताला साधारण सात किलो माल मिळतो, तोही तीन तोड्यांत विभागून. दर आठवड्याला दहा बेड भरत गेलात की दीड-दोन महिन्यांनी आठवड्याला सात किलो, म्हणजे रोज एक किलो, असा माल सुरू होतो. दोनशे ग्रॅमची रोज पाच पाकिटं. एवढी पाकिटं घेणारी घरं आधी शोधा, मग स्पॉन, म्हणजे मशरूमचं बियाणं, मागवा.

मी वहीत तीस नावं लिहिली होती. झेडपी शाळेतले शिक्षक, बँकेतले कर्मचारी, एसटीने रोज हिंगणघाटला जाणारी मंडळी, दोन डॉक्टर, एक किराणा दुकानदार. किराणावाल्यांचा पहिला प्रश्न असा होता: "ताई, हे कुत्र्याच्या छत्र्या तं नाही ना?" हा प्रश्न प्रत्येक जण विचारणार आहे, तेव्हा उत्तर तयार ठेवा. हे रानातून वेचलेलं नाही, प्रयोगशाळेत तयार केलेल्या बियाण्यापासून घरात वाढवलेलं आहे, आणि आम्ही घरी हेच खातो. चंद्रपूर-गडचिरोलीकडे हा प्रश्न कमी येतो. तिकडे पावसाळ्यात लोक टेकोडे, सात्या ही रानमशरूम हौसेने विकत घेतात, चव त्यांच्या ओळखीची असते. आमच्या वर्धा-यवतमाळकडे मात्र जिभेची ओळख करून द्यावी लागते. मी पहिल्या आठवड्यात पाकीट विकलंच नाही. सावजी मसाल्यातला झणझणीत रस्सा करून डब्यांतून दिला. ज्यांनी डबा घेतला त्यांच्यातले निम्मे पुढच्या आठवड्यात पाकीट मागायला आले.

श्रावण हा सगळ्यात चांगला काळ. मटण-मासे बंद असतात आणि रश्श्यात चावायला काहीतरी हवं असतं. श्रावणाच्या सुरुवातीला पहिला तोडा हवा असेल तर बेड त्याआधी साडेतीन-चार आठवडे भरावे लागतात. काही घरांत मशरूमलाच मांसाहार मानतात आणि श्रावणात शिवतही नाहीत. त्यांना आग्रह करू नका.

हॉटेलवाल्यांकडे मी तिसऱ्या महिन्यात गेले, तेच बरं झालं. त्यांना बहुतेक वेळा पांढरं गोल बटन मशरूम हवं असतं. धिंगरी घेतली तरी दर पाडून मागतात आणि माल रोज सारखा हवा म्हणतात. घरगुती गिऱ्हाईक पाकिटाला चाळीस रुपये देतं, म्हणजे किलोला दोनशे. हॉटेलवाले माझ्याकडून एकशे वीसने घेतात. उरलेला माल जायला ते ठीक आहेत, भरवसा त्यांच्यावर ठेवू नये.

एक इशारा. "बेड आम्ही देतो, माल आम्हीच परत घेतो, आधी एवढे लाख भरा" असं सांगणारे गावोगाव फिरतात. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाचे पैसे असेच गेले. बेड आले, माल घ्यायला मात्र कोणी आलं नाही. धिंगरीच्या बेडमध्ये असं काहीच नसतं जे तुम्हाला घरी करता येणार नाही.

खोली आणि हंगाम

धिंगरीला वीस ते तीस अंश तापमान आणि ऐंशी ते नव्वद टक्के आर्द्रता लागते. विदर्भात हे जुलै ते फेब्रुवारी जमतं. मार्च ते जून विसरा. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात कूलर लावून धिंगरी काढणं म्हणजे विजेचं बिल पिकवणं. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मी साजोर-काजू ही जात घेते, कारण ती तीस अंशांपर्यंत तग धरते. दिवाळीनंतर फ्लोरिडा घेते. ती जास्त पांढरी, दिसायला देखणी असते आणि तिला थंडी मानवते. डिसेंबरच्या कडाक्यात दोन्ही मंदावतात. पंधरा दिवसांत पांढरा होणारा बेड तेव्हा बावीस दिवस घेतो. बेड बिघडला असं समजून तो फेकू नका.

खोली मातीच्या भिंतींची, कवेलूंची असेल तर उत्तम. टिनाची असेल तर वर पऱ्हाटी किंवा तणस अंथरून जाड थर करा आणि आतून पोती बांधा. गोठ्याला लागून असलेली खोली नको, शेणावरच्या बारीक माशा थेट बेडवर येतात. आणि झोपायची खोली तर मुळीच नको. धिंगरी जास्त पिकली की तिचे बीजाणू पांढऱ्या भुकटीसारखे हवेत सुटतात. ते रोज श्वासात गेले की खोकला, धाप, अंगात कसर असा त्रास होतो. दमेकऱ्याला तर फारच. मी तोडणीला मास्क लावल्याशिवाय आत जात नाही.

भिंतींना चुना मारा. खिडकीला आणि दाराला मच्छरदाणीपेक्षा बारीक जाळी लावा. जमिनीवर विटांचा चुरा किंवा रेती दोन इंच अंथरा, म्हणजे शिंपडलेलं पाणी धरून ठेवते. आढ्याला बांबू बांधून नायलॉनच्या दोऱ्या सोडा, एका दोरीवर तीन बेड एकाखाली एक बसतात. दहा बाय बाराच्या खोलीत फिरायला जागा ठेवून शंभरेक बेड मावतात. खोलीचा एक कोपरा काळ्या पडद्याने वेगळा करा. नवे बेड पांढरे होईपर्यंत तिथे अंधारात राहतील.

खोली आपली धरली तर माझा सुरुवातीचा खर्च सात हजारांच्या आसपास झाला. जुना दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम हजार, वजनकाटा हजार, बांबू-दोरी दीड हजार, पोती आणि पडदे दीड हजार, जाळी पाचशे, हातपंप सहाशे, तापमान-आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र चारशे, ताडपत्री पाचशे. रॅक, फॉगर, एसी असलं काही पहिल्या वर्षी घेऊ नका.

कुटार आणि स्पॉन

सोयाबीनचं कुटार आमच्याकडे फुकटात किंवा किलोला चार-पाच रुपयांत मिळतं आणि धिंगरीला ते फार मानवतं. गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाचं तणस वापरतात. ते दोन इंचांचं कापून घ्यावं लागतं. कुटार कोणतंही असो, ते पावसात भिजलेलं नको. ढिगाच्या खालचं काळपट, कुबट वासाचं कुटार मोफत मिळालं तरी घेऊ नका, त्यात आधीच दुसऱ्या बुरशीने घर केलेलं असतं. चाळून धूळ-माती काढून टाका.

स्पॉन म्हणजे गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभागाकडे आणि आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. प्रशिक्षणाचीही माहिती तिथेच मिळेल. पाकीट हातात आलं की उजेडात धरून बघा. सगळे दाणे पांढऱ्या धाग्यांनी गुंफलेले हवेत. तळाशी पिवळं पाणी, कुठे हिरवा-काळा डाग, उघडल्यावर आंबूस वास, यातलं एकही असेल तर ते वापरू नका. महिन्यापेक्षा जुनं स्पॉन घेऊ नये. आणायचं तर सकाळच्या गाडीने आणा. दुपारी एसटीच्या टपावर किंवा बंद गाडीत ते तापलं तर दिसायला पांढरंच राहतं, पण आतून मेलेलं असतं. माझे एकदा दहाच्या दहा बेड असे गेले. पाचव्या दिवशीही दाण्यांतून धागा फुटला नाही तेव्हा कळलं.

रविवारचं काम

दहा बेडला पंधरा किलो कोरडं कुटार आणि दीड किलो स्पॉन लागतं. एका बेडमध्ये दीड किलो कोरडं कुटार जातं, भिजून त्याचं पाच किलो होतं.

शनिवारी संध्याकाळी कुटार तीन पोत्यांत सैल भरून साध्या पाण्यात बुडवून ठेवते. सकाळी निथळून गरम पाण्यात घालते. फॉर्मेलिन आणि बाविस्टीन या बुरशीनाशकाच्या पाण्यात सोळा-अठरा तास भिजवायची पद्धतही सर्रास चालते आणि तिला जळण लागत नाही. पण फॉर्मेलिनची वाफ डोळ्यांना, घशाला झोंबते, शिवाय गिऱ्हाईक "औषध मारता का" असं विचारतंच. पऱ्हाटीचं जळण आपल्याकडे भरपूर आहे, म्हणून मी गरम पाण्यावरच राहिले.

ड्रममध्ये पाणी खळखळ उकळवा, मग पोतं सोडा. पाणी एकदम निवतं. पुन्हा दणदणीत वाफ येऊ लागली की तिथून एक तास मोजा. पाणी ऐंशी अंशांच्या खाली येता कामा नये. पोतं वर तरंगतं, त्यावर दगड ठेवा. अर्ध्या तासाने ते उलटं करा. पोतं ठासून भरलं तर मधला गाभा गरमच होत नाही आणि पुढे बेडच्या पोटात हिरवी बुरशी निघते. ड्रममध्ये एका वेळी दोन पोती बसतात, म्हणून दोन फेऱ्या होतात.

मग पोती टांगून निथळू द्या आणि धुतलेल्या ताडपत्रीवर सावलीत पसरा. कुटार हाताला गार लागलं पाहिजे. ओल किती हवी हे मुठीने ओळखायचं. घट्ट दाबलं तर बोटांतून पाण्याचा थेंब पडू नये, पण तळहात ओला दिसावा. थेंब पडला तर आणखी तासभर पसरून ठेवा. नवखे हमखास इथे घाई करतात, कारण दुपार झालेली असते आणि पोटात भूक असते. मी आता आधी जेवून घेते.

बेड भरायची जागा बंद असावी, पंखा नको. हात साबणाने धुऊन स्पिरिट लावा. चौदा बाय बावीस इंचांच्या पिशवीत चार बोटं कुटार दाबून भरा, त्यावर कडेकडेने मूठभर स्पॉन पेरा, पुन्हा कुटार, असे चार-पाच थर करा. दाबताना हवेच्या पोकळ्या राहू देऊ नका. एका बेडला दीडशे ग्रॅम स्पॉन पुरतं. वर थोडं जास्त टाकून तोंड बांधा आणि सुईने किंवा टोकदार खिळ्याने सगळीकडून बारा-पंधरा भोकं पाडा. खिळाही स्पिरिटने पुसलेला हवा. पिशवीवर तारीख लिहा. ही तारीख पुढे फार उपयोगी पडते.

पांढरं होताना काय बघायचं

पडद्याआड बेड ठेवले की पंधरा ते अठरा दिवस पाणी घालायचं नाही. पण रोज बघायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दाण्याभोवती कापसासारखे धागे दिसतात. आठव्या दिवशी पांढरे पट्टे एकमेकांना भेटू लागतात. अठराव्या दिवशी सगळा बेड दुधासारखा आणि हाताला घट्ट लागतो.

बिघाड बहुतेक पहिल्या दहा दिवसांत दिसतो. हिरवी बुरशी सगळ्यात वाईट. ती सुरुवातीला पांढरीच असते, दोन दिवसांत हिरवी होते. ती बेडमध्ये कुठे आली आहे यावरून आपलं काय चुकलं ते कळतं, म्हणून बेड फेकण्याआधी ते नीट पाहून वहीत लिहून ठेवा. हिरवा रंग थेट दाण्यांवरून सुरू झाला असेल तर स्पॉनच खराब होतं. तळाशी पाणी साचून तिथेच बुरशी असेल तर कुटार ओलं राहिलं. बेडच्या मध्यावर गोळा दिसला तर पोत्याचा गाभा तापला नाही. फक्त भोकांपाशी असेल तर खिळा किंवा हात स्वच्छ नव्हता. दहापैकी एखादा बेड गेला तर ते चालायचंच. चार-पाच गेले तर पुढच्या रविवारी भरू नका, आधी कारण शोधा.

खराब बेड खोलीत उघडू नका. आहे तसा पोत्यात घालून लांब नेऊन खड्ड्यात पुरा. मी एकदा "अर्धा तर चांगला आहे" म्हणून खोलीतच हिरवा भाग कापला होता. पुढच्या दोन आठवड्यांचे निम्मे बेड हिरवे झाले.

कधी बेडवर सडपातळ, करड्या छत्र्या रातोरात उगवतात आणि संध्याकाळपर्यंत काळी शाई होऊन गळतात. कुटार जुनं किंवा ओलं असल्याची ती खूण. त्या काळजीने उपटून फेका. धिंगरी सोडून बेडवर दुसरं काहीही उगवलं तर ते विकायचं नाही आणि खायचंही नाही.

पाणी, हवा, तोडणी

बेड पांढरा झाला की पडद्याबाहेर टांगा. पावसाळ्यात मी पिशवी पूर्ण काढते. ऑक्टोबरपासून हवा कोरडी होते, तेव्हा पिशवी तशीच ठेवून ब्लेडने आठ-दहा ठिकाणी फुलीसारखी चीर देते, म्हणजे बेड वाळत नाही. दिवसातून दोन-तीन वेळा बेडवर, भिंतींवर, पोत्यांवर, रेतीवर पाण्याचा फवारा मारा. पाणी धुक्यासारखं पडावं, धार नको. सकाळ-संध्याकाळ तासभर खिडकी उघडा. वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड हवा.

मशरूम स्वतःच सांगतं काय कमी आहे. दांडा लांब आणि टोपी बटणाएवढी राहिली तर हवा कोंडते आहे. टोपीच्या कडा फाटल्या, चामड्यासारख्या झाल्या तर आर्द्रता कमी आहे. पिवळी पडून चिकट झाली तर पाणी जास्त झालं आणि खोलीला वारा नाही.

पाच-सहा दिवसांत टाचणीच्या टोकाएवढे कोंब येतात आणि त्यानंतर तीन-चार दिवसांत तोडणी. टोपीची कड किंचित खाली वळलेली असतानाच झुबका हाताने पिळून काढा. कड वर वळली की वजन घटतं, बीजाणू उडतात आणि पाकिटात माल लवकर पिवळा पडतो. पाणी मारायच्या आधी तोडा. भिजलेलं मशरूम दुपारपर्यंत चिकट होतं. मुळाचं कुटार कापा, धुऊ नका.

भरण्याआधी तासभर पंख्याखाली चाळणीत पसरा. गरम माल पिशवीत घातला की आतून घाम धरतो आणि तिथूनच सडायला सुरुवात होते. पिशवीला चार-पाच भोकं पाडा आणि तोडणीची तारीख लिहा. मी सकाळी सहाला तोडते, आठच्या गाडीला पाकिटं जातात.

पहिल्या तोड्यात एकूण मालाच्या निम्मा येतो. मग सात-दहा दिवसांनी दुसरा, तसाच तिसरा. बेड भरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत संपतो. चौथ्या तोड्याची वाट बघू नका, तोवर त्यात माशांच्या अळ्या होतात. संपलेला बेड फोडून गांडूळखतात घाला.

पैशांचं खरं चित्र

एका बेडला माझ्याकडे स्पॉन अठरा रुपये, कुटार सात, पिशवी पाच आणि जळण-पाणी-स्पिरिट तीन, असे तेहतीस रुपये पडतात. दहा बेडचे तीनशे तीस. पाकिटं आणि लेबलं एकशे दहा, गाडीभाडं किंवा पेट्रोल दीडशे. म्हणजे आठवड्याला सहाशेच्या आत.

उत्पादनाचा अंदाज लोक फुगवून सांगतात. एक किलो कोरड्या कुटारातून एक किलो ताजं मशरूम, असं ऐकायला मिळेल. हात बसल्यावर कधीतरी तेवढं निघतं. पहिल्या वर्षी अर्धा किलो किंवा त्याहून थोडं जास्त धरा. दहातला एक बेड वाया धरला आणि उरलेल्या नऊंनी प्रत्येकी आठशे ग्रॅम दिलं, तर सात किलो दोनशे ग्रॅम माल झाला. यातला निम्मा घरांत दोनशेने आणि बाकीचा हॉटेलला एकशे वीसने गेला तर सरासरी एकशे साठ पडते. साडेअकराशे रुपये हाती येतात, खर्च जाऊन साडेपाचशे-सहाशे उरतात. आणि त्यात रविवारचा पूर्ण दिवस व रोजचा तासभर वेगळा. मजुरी धरली तर फार काही सुटत नाही, हे आधीच माहीत असू द्या.

गिऱ्हाईक जमलं की पंधरा बेडवर जा. सात आठवड्यांचे मिळून एकशे पाच बेड होतात, म्हणजे ही खोली भरली. त्यात सुमारे पावणेअकरा किलो माल आणि खर्च वजा जाता आठवड्याला साडेआठशे-नऊशे रुपये राहतात, महिन्याला साडेतीन हजार. सात महिन्यांचा हंगाम धरला तर वीस-पंचवीस हजार, तेही पहिल्या वर्षी सुरुवातीचे सात हजार वजा होण्याआधी. याच्या वर जायचं असेल तर दुसरी खोली नाही, आधी दर सुधारावा लागतो. माझ्याकडे हॉटेलचा वाटा कमी होऊन घरं वाढली तसा सरासरी दर एकशे ऐंशीवर गेला आणि त्याच मालात दीडेकशे-दोनशे रुपये वाढले.

उरलेल्या मालाचं काय, हा प्रश्न राहतोच. दहा किलो ताज्याचं सुकून एक किलो होतं. सुकलेलं मी नऊशे रुपये किलोने विकते, म्हणजे ताज्याला नव्वदच पडले. नुकसान टाळायला हा मार्ग बरा, कमाईचा नाही. शिवाय सुकवायला कडक ऊन लागतं आणि ते ऑक्टोबरनंतरच मिळतं. पावसाळ्यात विकलं नाही तर सुकवू, असं मनात धरून बेड वाढवू नका, माझा पहिल्या वर्षीचा उरलेला माल त्यातच गेला. सुकलेला तुकडा मोडल्यावर पापडासारखा कट्‌कन तुटला पाहिजे. वाकला तर आत ओल आहे, डब्यात बुरशी येईल. पाकिटात भरून दुकानात ठेवायचं असेल तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्या.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी त्या वर्षीचे शेवटचे बेड भरते. मार्चच्या मध्यात खोली रिकामी होते. पोती उकळून उन्हात, दोऱ्या-बांबू ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने पुसून, रेती बाहेर काढून पसरून, भिंतींना पुन्हा चुना. एप्रिल-मेचं ऊन दारं-खिडक्या सताड उघडून आत येऊ द्यायचं. पुढच्या हंगामाचं कुटार मात्र त्याच्या कितीतरी आधी, ऑक्टोबरमध्ये सोयाबीन निघतं तेव्हाच बाजूला काढून ठेवावं लागतं. पंधरा बेडच्या हिशेबाने सहा-सात क्विंटल, विटांवर रचून, वरून ताडपत्री. जुलैत शोधायला गेलात तर सगळीकडे पावसात भिजलेलंच मिळेल.